लिंबाची फोड

काल दुपारी पावणेदोनला दादर पश्चिमेच्या एका खानावळीत मी लिंबाच्या फोडीसाठी भांडलो आणि हरलो. चोवीस तास उलटले तरी राग उतरलेला नाही. बायकोची नाशिकला बदली झाल्यापासून मी रोज दुपारी तिथे जेवतो, रविवारीसुद्धा. वरणभातावर लिंबू पिळायचं म्हणून मी हात वर केला आणि वाढपी शांतपणे म्हणाला, "साहेब, कांदा-लिंबू आता दहा रुपये."

"अरे, कालपर्यंत फुकट होतं!"

"पण थाळीचा रेट तोच आहे ना साहेब."

तो खोटं बोलत नव्हता. गल्ल्यामागच्या भिंतीवर दीड वर्षापासून तीच पाटी आहे: राईस प्लेट ₹१५०. यंदा तिला पिवळा रंग देऊन खाली एक ओळही वाढवलीय, 'महागाई वाढली, आमचे दर नाही.' भात कालवून बसलेला माणूस अशा वेळी उठून जाऊ शकत नाही. हे शेठला पक्कं ठाऊक असणार.

इथे समोर बसलेले गृहस्थ बोलले. खानावळीत अनोळखी माणसांची टेबलं एकच असतात आणि डोळे आपापल्या ताटात ठेवायचे असा अलिखित नियम आहे. यांनी तो मोडला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, वय सत्तरीच्या अलीकडचं. माझ्या ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "फोड किती मोठी आली?"

"अजून आलीच नाही."

"येईल. दहा रुपयांची आठवी देतात. पूर्वी फुकटातली चौथी असायची." लिंबाचे किती तुकडे करतात त्याबद्दल ते बोलत होते. "मधे काही महिने सहावी होती. तुमचं लक्ष नसेल."

नव्हतंच. लिंबाच्या फोडीचा इतिहास कोण ठेवतो? हे ठेवत होते. ते मुंबई महापालिकेच्या जकात खात्यातून निवृत्त झालेले. हयात मुलुंड नाक्यावर गेली आणि शेवटची दोन वर्षं दहिसरला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईतली जकात गेली, पण यांच्यातला नाकेदार काही गेला नाही. त्यांनी पिशवीतून एक डायरी काढली. तिच्या पानांना खानावळीची कुपनं टाचलेली होती. गुलाबी, मग हिरवी, मग आताची पांढरी, प्रत्येकाखाली तारीख.

"ट्रक आला की नवीन पोरं ताडपत्री उचलून बघायची," ते आमटीचा भुरका मारून म्हणाले. "वर गवताचे भारे, चलनावरही गवत. मी ताडपत्रीकडे बघायचोच नाही. मी टायर बघायचो. गवताने टायर दबत नाही हो." मग त्यांनी मान न वळवता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "ती ताडपत्री."

तेवढ्यात माझी फोड आली. त्यांनी माझी परवानगी न घेता ती उचलली, उजेडाकडे धरली, बी मोजली आणि परत ठेवली. "आठवी," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, जणू गवताच्या भाऱ्यांखाली परदेशी दारूच्या पेट्या सापडल्या. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा जेवण थांबवून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्याच्या दृष्टीने लिंबासाठी रडणारे आम्ही दोघे एकाच टोळीतले.

"आता टायर बघू," म्हणून त्यांनी कागदी रुमाल पुढे ओढला. तोही हल्ली अर्धा फाडून देतात.

त्यांचा हिशेब मी इथे उतरवतो, कारण तो मला आधी सुचायला हवा होता. मागच्या वर्षी कुपनांचं पुस्तक घेतलं की तीस थाळ्या पंचवीसच्या पैशात मिळायच्या. म्हणजे ३,७५० रुपये, थाळीला १२५. यंदा तीस थाळ्या अठ्ठावीसच्या पैशात. ४,२०० रुपये, थाळीला १४०. पुस्तकावर अजूनही ठळक अक्षरांत 'दोन जेवणं मोफत' छापलंय आणि मी ते वाचून खूशही झालो होतो. पाच मोफत होती त्यातली तीन गेली, हे सांगणारी ओळ कुठेच नाही. पाटीला हात न लावता दर बारा टक्क्यांनी वाढला.

"हे झालं वरचं. आता मुदत," ते म्हणाले. गुलाबी कुपनावर मुदत नव्हती. पांढऱ्यावर मागच्या बाजूला, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत, तीस दिवस. खानावळ फक्त दुपारची आणि सोमवारी बंद. तीस दिवसांत चार सोमवार गेले की उरले सव्वीस दिवस, आणि कुपनं तीस. मी एकही खाडा केला नाही, एकदा मेव्हण्यालाही जेवू घातलं, तरी तीन कुपनं मेली. मग ४,२०० भागिले सत्तावीस. गृहस्थांनी भागाकार पूर्ण लिहून दाखवला, हातचे वगैरे घेऊन. एकशे साडेपंचावन्नच्या किंचित वर.

मी पाटीकडे पाहिलं. दीडशे. सवलतीचं पुस्तक घेऊन मी पाटीपेक्षा साडेपाच रुपये जास्त देत होतो. कुपन न घेता रोज रोखीने जेवलो असतो तर स्वस्त पडलं असतं.

"त्यात ताक," ते निर्दयपणे म्हणाले. ताक पूर्वी थाळीत यायचं, आता पंधरा रुपये. एकशे सत्तर. वर्षापूर्वी १२५ मध्ये ताकासकट पोट भरायचं, आज १७० मध्ये भरतं. छत्तीस टक्के. भिंतीवर मात्र तोच आकडा, पिवळ्या रंगात.

आता एक कबुली द्यायला हवी, जी मी त्यांना दिली नाही. हा माझाच धंदा आहे. मी पाइप-फिटिंगच्या एका कंपनीत विक्री विभागात आहे आणि गेली कित्येक वर्षं दुकानदारांना पाठवायची स्कीमची परिपत्रकं मी लिहितो. छापील प्राइस लिस्ट आमच्याकडेही सोवळ्यातली. ती बदलली की सगळ्या बाजारात बोंब होते, स्पर्धक तिची प्रत घेऊन दारोदार फिरतो आणि दुकानदार जुन्या भावाने माल भरून ठेवतो. म्हणून आम्ही लिस्टला हात लावत नाही. दहा पेट्यांवर एक फुकट असते, ती बारावर एक करतो. दुकानदाराला एक फुकट पेटी दिसत राहते. दहाच्या पैशात अकरा मिळायच्या, आता बाराच्या पैशात तेरा. पेटीमागे भाव दीड टक्क्याने चढला. दीड टक्का म्हणजे काय, असं वाटेल. पण आमचा खर्च तसूभरही वाढलेला नसतो. शंभरात दहा सुटत असतील तर ते साडेअकरा होतात, म्हणजे नफा पंधरा टक्क्यांनी फुगला. विक्री पडली नाही तर, अर्थात. आणि पडलीच, तर दिवाळीला पुन्हा 'दहावर एक' काढायचं, 'खास योजना' म्हणून. लोक आभार मानतात. लिस्ट वाढवून कमी केली असती तर घाबरलो असं दिसलं असतं.

हे का चालतं, ते आम्हाला एका हॉटेलातल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. मानसशास्त्रज्ञ कानमन, अर्थतज्ज्ञ थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९८६ मध्ये एक अभ्यास छापला. कॅनडातल्या लोकांना फोनवरून त्यांनी असं काहीसं विचारलं होतं: एका लोकप्रिय गाडीचा तुटवडा आहे. विक्रेता आजवर छापील किमतीला विकत होता, आता २०० डॉलर जास्त मागतो. हे बरोबर आहे का? १०० पैकी ७१ जणांनी अन्याय म्हटलं. दुसऱ्या लोकांना विचारलं: तोच विक्रेता आजवर २०० डॉलर सूट देत होता, आता छापील किमतीला विकतो. तेव्हा अन्याय म्हणणारे ४२ च. खिशातून जाणारे डॉलर तेवढेच. भाव वाढवला तर तुमचं काहीतरी हिसकावलं, आणि सूट काढली तर नुसता उपकार थांबवला. उपकार थांबल्याबद्दल भांडायला लाज वाटते. त्या प्रशिक्षणात मी टाळ्या वाजवल्या होत्या. दुपारचं जेवणही छान होतं, लिंबू वाटीभर होतं.

पण आमच्या दुकानदारांत आणि माझ्यात एक फरक आहे. परिपत्रक पोचल्यावर तासाभरात कल्याणच्या दुकानदाराचा फोन येतो, "साहेब, लँडिंग दीड टक्का चढलं." स्कीम, रोखीची सूट, गाडीभाडं सगळं वजा करून माल दुकानात कितीला पडला, तेवढंच तो बघतो. लिस्ट त्याच्या लेखी रद्दी. त्याला ही युक्ती लागू पडत नाही, त्याच्याशी घासाघीसच करावी लागते. युक्ती लागू पडते ती एकेक थाळी खाणाऱ्याला, ज्याच्या डोक्यात दीडशे हा एकच आकडा बसलाय. म्हणजे मला. दिवसभर दुसऱ्याचं लँडिंग मोजणाऱ्या माणसाने स्वतःचं एकदाही मोजलं नव्हतं.

आणि तरी शेठ एका जागी चुकला, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. पाचाची दोन झाली, मला कळलं नाही. मुदत आली, कळली नाही. ताकाला मी दोन दिवस कुरकुरलो. साडेचारशे रुपये त्याने असे काढले की मी 'थँक्यू' म्हणून पुस्तक घेतलं. भांडलो ते दहा रुपयांवर, कारण ते भात कालवल्यावर, माणसांसमोर, हात वर असताना मागितले. गल्ल्यावर कापायचं ते त्याने ताटात कापलं. आणि शिव्या कोणाला? वाढप्याला. पाटी रंगवणारा पंख्याखाली बसून बडीशेप चघळत होता. (बडीशेप अजून फुकट आहे. लिहून ठेवतो.)

जाताना जकातवाल्या काकांनी माझी तीन मेलेली कुपनं मागितली. "नोंदीला," म्हणाले. मी दिली नाहीत. का, ते सांगता येत नाही. चारशे वीस रुपयांना पडलेला कागद होता तो माझा.

आज सकाळी दादरच्या मंडईतून मी एक लिंबू घेऊन आलो. पिवळंधमक, पातळ सालीचं. दुपारी ताट आल्यावर ते खिशातून काढून टेबलावर ठेवलं. समोर काका होतेच, त्यांनी डायरी उघडली. मी वाढप्याला म्हटलं, "जरा सुरी दे रे."

तो लिंबाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "थांबा साहेब, शेठना विचारून येतो."