पाल मेली नाही, फक्त शेपूट गेली

आठ मिनिटं बेचाळीस सेकंदांचा एक भाग ॲनिमेट करायला सुन्याला, म्हणजे माझ्या मावसभावाला, अडीच महिने लागले. आणि यूट्यूबवर क्लिक करायच्या आधी दिसतं ते त्याचं चित्र, म्हणजे थंबनेल, मी पंचवीस मिनिटांत उरकला, तेही रात्री साडेअकराला जांभया देत.

आमची मालिका एका पालीची आहे. ती भिंतीवरच्या घड्याळामागे राहते आणि घरातल्यांची भांडणं ऐकते, बास. सातव्या भागात मांजर मागे लागतं, घाबरून ती शेपूट टाकून पळते (पाली खरंच टाकतात, आणि ती शेपूट बराच वेळ एकटीच वळवळत बसते), परत येऊन बघते तर शेपूट गायब. मग सगळा भाग शोधाशोध. नेलेली असते मुंग्यांनी.

मी थंबनेलवर पाल उताणी टाकली, लाल बाण मारला आणि टायटल दिलं, ‘पाल मेली???’ सुन्या म्हणाला, "अरे पण ती मरत नाही." म्हटलं, "प्रश्नचिन्ह आहे ना." माझ्याच मनात पाल चुकचुकली होती, पण क्लिक दिसत होते.

आणि आले की! शंभर जणांना थंबनेल दिसला तर नऊ जण आत येत होते. मी सुन्याला पार्टी मागितली. त्याने न बोलता पुढचा आलेख उघडला, लोक थांबतात किती वेळ त्याचा. सरासरी चाळीस सेकंद. पहिल्या अर्ध्या मिनिटात पाल मजेत डास खाताना दिसते, मेलेली पाल बघायला आलेला माणूस कशाला थांबेल? नऊ जणांचे मिळून सहा मिनिटं. म्हणजे पूर्ण एक भागसुद्धा नाही. त्यात आईचा फोन, "मेली म्हणालास, मी शेवटपर्यंत बघितलं, कुठे मेली?" शेवटपर्यंत बघणारी बहुतेक तीच एकटी.

मग दुसरा बनवला, इमानदारीत. खालच्या उजव्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग, डोक्यावर शेपूट, एकेक मुंगी वेगळी काढलेली. अपलोड केला आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात ८:४२ असा काळा चौकोन येऊन बसला. शेपूट पुन्हा गायब! व्हिडिओची लांबी तिथेच येते हे मला सहा भाग करूनही सुचू नये म्हणजे कमाल आहे.

तोच आईला फोनवर दाखवला. तिने हात लांब करून, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "हे मधे काय, शेवग्याची शेंग?" त्यावर मला राग आला, पण बाईचं बरोबर होतं. आम्ही १२८० बाय ७२० चं चित्र कॉम्प्युटरवर बघत बसतो, लोकांना ते फोनवर आगपेटीएवढं दिसतं, आणि आमची तपकिरी पाल पिवळट भिंतीवर विरघळून गेली होती. खऱ्या पालीला तेच हवं असतं म्हणा, पण थंबनेलमधल्या पालीला नाही.

तिसऱ्यात भिंत रात्रीची गडद निळी केली, पालीचं फक्त तोंड आणि वळून मागे बघणारे डोळे, अर्धी फ्रेम भरून. मुंग्या काढूनच टाकल्या, कारण टायटल आता ‘पालीची शेपूट कोणी नेली?’ होतं आणि उत्तर चित्रातच दिलं तर आत यायचं कशाला. डाव्या कडेने शेपटीचं फक्त टोक बाहेर जाताना ठेवलं. मालिकेचं नाव आणि ‘भाग ७’ टायटलच्या सुरुवातीला असायचं, फोनवर टायटल मधेच कापलं जातं आणि लोकांना नुसतं आमचं नावच वाचायला मिळायचं, ते उचलून शेवटी टाकलं. चित्रावर एकही शब्द नाही, खाली लिहिलंय तेच वर परत कशाला. आणि सुन्याने कुरकुरत भागाची सुरुवात कापून शेपूट तुटायचा प्रसंग अठराव्या सेकंदाला आणला (अपलोड झालेल्या व्हिडिओतला मधला तुकडा यूट्यूबवर काढून टाकता येतो, नवीन मात्र घालता येत नाही). डास गेले, सुन्या दोन दिवस बोलला नाही. ते डास त्याने आठवडाभर बसून काढले होते.

आता शंभरात पाचच जण येतात, पण सरासरी चार मिनिटं बसतात. म्हणजे वीस मिनिटं. यूट्यूबवर एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून तपासायची सोय आहे, तिथेही जिंकतो तो लोकांना जास्त वेळ बसवणारा, नुसते क्लिक आणणारा नाही. हे मी आधी वाचलं असतं तर पार्टीसाठी भांडलो नसतो.

काल आई ट्यूबलाइटखाली झाडू उगारून उभी होती. मारणार तेवढ्यात थांबली आणि मला हाक मारली, "अरे, हिला शेपूट आहे का बघ रे."