रविवारी घ्या, सोमवारी विका?

"कोणत्या वारी भाव किती हलतो, हे सांगणाऱ्या एका लेखातल्या तक्त्यात बिटकॉइन सोमवारी सरासरी ०.४ टक्का वाढलेला दिसतो. दर रविवारी घेऊन सोमवारी विकलं तर?"

दादा, हाच हिशेब मी करून बसलोय. आधी घड्याळ बघा. बहुतेक डेटात दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रविवारी रात्री बाराला घेतलं तर तुम्ही वेगळाच 'सोमवार' तपासताय. आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री जाऊन सोन्याचा भाव विचारल्यासारखं. तिथे तेव्हा फक्त भुट्ट्याचा कीस मिळतो.

आता खर्च. घेताना ०.२ आणि विकताना ०.२ टक्के फी धरली, तर ०.४ तिथेच संपले. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक अजून धरलेला नाही. शिवाय प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. दर आठवड्याला एक लाखाचा व्यवहार केला तर वर्षात ५२ हजार अडकतात. रिटर्न भरल्यावर ते जमेस धरले जातात, पण तोवर फिरवायला भांडवल कुठून आणणार? आणि नफ्याच्या सोमवारी ३० टक्के कर, तोट्याचे सोमवार वजाच होत नाहीत.

मुळात तो ०.४ तरी खरा का? रोजची चढउतार ३.५ टक्के धरली, तर ५२ सोमवारांच्या सरासरीतली चूकच अर्धा टक्का येते. खात्रीला तीनेकशे सोमवार लागतील, म्हणजे सहा वर्षं. 'बिटकॉइनला ऑक्टोबर चांगला' म्हणणाऱ्यांकडे तर वर्षाला एकच ऑक्टोबर असतो.