स्क्रीनवरची रेंज नको, मीटर लावा

"जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेताना फुल चार्जला स्क्रीनवर रेंज किती दाखवते त्यावरून बॅटरी कळते"

नाही पटलं. तो आकडा नुसता अंदाज असतो, आधी गाडी हळू चालवली असेल तर वाढूनच दिसतो. सॉकेटला लावायचा एनर्जी मीटर घेऊन जा. सिडकोत मावसभावासाठी एक ३ युनिट बॅटरीची स्कूटर बघितली, स्क्रीनवर रेंज मस्त होती. मालकाला २०% पर्यंत उतरवायला लावली आणि तिथंच बसून १००% होईस्तोवर चार्ज केली. बॅटरीत २.४ युनिट जायला हवे होते, मीटरवर आले २ आणि त्यातले दहा-बारा टक्के चार्जरच खातो, म्हणजे बॅटरी पाऊणसुद्धा उरली नव्हती!! फक्त १०-१५% चार्ज करून मोजू नका, छोट्या टप्प्यात टक्क्यांचा आकडाच फसवतो. आणि मालक "एवढा वेळ कशाला" म्हणाला तर सरळ दुसरी गाडी बघा.