तेलकट चेहऱ्याला क्रीम कशाला म्हणे!

डिसेंबरातली संध्याकाळ, सदाशिव पेठेतलं मेडिकल, काउंटरवर ही गर्दी. विशीतला पोरगा हळूच विचारतो, "काका, मॉइश्चरायझर आहे का?" झालं! काका गोरं करणारी क्रीम पुढे सरकवतात. मागच्या काकू म्हणतात, "खोबरेल लाव रे बाळा." सोबतचा मित्र म्हणतो, "तुझा चेहरा आधीच तेलकट, तुला कशाला?"

अहो, त्याला होतंय काय ते तरी विचारा! फेसवॉशनंतर गाल ताणले जातात आणि दुपारपर्यंत कपाळ चकाकतं. म्हणजे तेल भरपूर, पण त्वचेत पाणी टिकत नाही. खोबरेल पाणी उडू देत नाही हे खरं, पण मुरमांच्या चेहऱ्यावर तेच छिद्रं बुजवू शकतं. याला हवं ग्लिसरीन असलेलं, बिनवासाचं, हलकं जेल किंवा लोशन, ज्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलंय. पहिल्यांदा छोटीच ट्यूब घ्यावी आणि दोन-तीन दिवस जबड्याखाली लावून बघावी. आग झाली, लाल झालं तर बंद.

आणि लावायची वेळ कुणीच सांगत नाही! चेहरा टॉवेलने घासायचा नाही, नुसता टिपायचा, आणि ओलसर असतानाच वाटाण्याएवढं लावायचं. खडखडीत कोरड्या चेहऱ्यावर बोटभर थापलं की चिकट थर बसतो, मग "मला सूट होत नाही" म्हणून ट्यूब कपाटात.

तिकडे पोरगा बिचारा लाजून खोकल्याच्या गोळ्या घेऊन निघालासुद्धा.