दूध बाधतं, मग ओआरएस का चालतं?

एका वाचकाची प्रतिक्रिया (फोंडा): "जुलाबात दुधातली साखर पचत नाही म्हणता आणि त्याच लेखात साखरेचं ओआरएस द्या म्हणता. वर पेजही चालते म्हणे! साखर ती साखर. लोकांना गोंधळात का टाकता?"

नमस्कार. प्रश्न गोडीचा नाही. ती साखर आत शिरण्याआधी तोडावी लागते का, हे पाहायचं.

लहान आतड्यात बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवरच्या पेशींच्या माथ्यावर ब्रशसारखी दाट झालर. दुधातलं लॅक्टोज तोडणारं लॅक्टेज या झालरीतच रुतलेलं असतं, स्वादुपिंडाच्या रसात नसतं. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस हा विषाणू उंचवट्यांच्या टोकाकडच्या पिकलेल्या पेशी मारतो, त्यांच्याबरोबर लॅक्टेजही जातं. आता 200 मिली गाईचं दूध घ्या. त्यात सुमारे 10 ग्रॅम लॅक्टोज असतं. ते न तुटता राहिलं तर एकटंच जवळपास 100 मिली पाणी आतड्यात धरून ठेवतं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून आम्लं आणि वायू होतात. म्हणून दूध प्यायल्यावर पातळ, फेसाळ, आंबूस वासाची शी होते आणि ढुंगणाची कातडी लाल होऊन चुरचुरते. ही लक्षणं दिसली तरच वरचं दूध काही दिवस कमी करायचं. आईचं दूध मात्र थांबवायचं नाही. लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं, ती चूक माझी.

ओआरएसमध्ये असतं सुटं ग्लुकोज, तोडायची गरजच नाही. झालरीतला एसजीएलटी-1 हा वाहक एका ग्लुकोजबरोबर सोडियमचे दोन कण आत नेतो आणि पाणी त्यांच्यामागे जातं. जुलाबातही हा वाहक बराचसा काम करत असतो. म्हणूनच लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असं प्रमाण ठरलेलं आहे. लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळलं, तर तेच पाणी उलट आतड्यात ओढून घेईल.

पेजेचा पिठूळपणा म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. पाणी ओढलं जातं ते कणांच्या संख्येवर, आणि एक साखळी म्हणजे एकच कण. स्वादुपिंडाचं अमायलेज तिचे तुकडे करतं, झालरीवरचं माल्टेज ते तुकडे सुटे करतं आणि वाहक तिथल्या तिथे ते उचलतो. माल्टेजचं काम करणारी विकरं एकाहून जास्त आहेत, त्यामुळे ते लॅक्टेजसारखं सहज तुटवड्यात येत नाही.

डाळीतल्या प्रथिनांना तर आणखी सवलत आहे. दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे न तोडताच आत नेणारा पेप्ट-1 हा वेगळा वाहक झालरीत असतो. उरलेली तोडणी पेशीच्या आत होते.

उकड्या तांदळाची पेज सहा महिन्यांवरच्या बाळाला चालेल, पण त्या आजारपणात ती अळणी देऊ नका. मिठाशिवाय वाहकाला सोडियम कमी पडतं. चिमूटभरच घाला, चवीला अश्रूंपेक्षा खारट नको. आणि ती ओआरएसच्या जोडीला द्यायची, त्याऐवजी नाही.