छोटे बदल, एकूण एकोणीस

रात्री अकरा चाळीसला मेल आली. विषय : 'छोटे बदल'. बायकोनं अंधारातूनच विचारलं, "पेढेवाले? पैसे पाठवले?" म्हटलं, "नाही, बदल पाठवलेत." तिनं कूस बदलली. त्या रात्री बिनतक्रार झालेला बदल तेवढाच.

मी दाखवलेल्या पेढ्यांच्या खोक्याच्या चित्रांवर मेलमध्ये एकोणीस मुद्दे. सात नंबर दोनदा होता आणि तेरा नंबर नव्हताच, म्हणजे बेरीज बरोबर. व्यापारी माणूस. मेल एकाच्या नावाची असली, तरी लिहिणारे किमान तिघे होते हे लगेच कळत होतं. तिसरा मुद्दा, 'पेढ्यावरचे पिस्ते ताबडतोब काढणे.' नववा, 'पिस्ते छान दिसतात, अजून चार टाका.' अकरावा, 'पिस्त्यांबद्दल नानांशी बोलून घ्या.'

काम साधं होतं. साताऱ्यात, राजवाड्याच्या बाजूला मिठाईचं दुकान, अर्धा किलो कंदी पेढ्यांचा नवा खोका. अडीच हजार ठरले, हजार आगाऊ मिळाले. चित्रं मी एआयकडून काढून घेतली. संध्याकाळी बसलो आणि जेवायच्या आत सहा तयार. इथवर ठीक होतं. पण ती शेठना दाखवताना मी फुशारकीनं म्हणालो, "दोन मिनिटांत होतं हो एक चित्र." इथं शेण खाल्लं. एकोणिसावा मुद्दा त्याचंच फळ : 'दोन मिनिटांचं काम असल्यामुळे बदलांचे वेगळे पैसे नसतील असे समजतो.'

पहिला मुद्दा मात्र शंभर टक्के खरा होता. 'आम्ही आग्र्याचा पेठा विकत नाही.' खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'कंटी पेठे' आलं होतं. हे सॉफ्टवेअर देवनागरी लिहीत नाही, अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी रंगवतं. ढ आणि ठ त्याच्या लेखी एकाच वळणाचे. अक्षरं मी नंतर फॉन्टमध्ये स्वतः बसवणार होतो, चित्रातली फक्त अंदाजासाठी होती. पण शेठना ते सांगायचं राहिलं आणि त्यांच्या घरात त्या रात्री म्हणे आग्र्यावरून बराच वेळ हशा चालला होता.

चौथा मुद्दा : 'वाटी थोडी डावीकडे घेणे. बाकी काही हलवू नये.' हे वाक्य लिहिणाऱ्याला कसं समजवायचं? फोटोशॉपमध्ये वाटी वेगळ्या लेयरवर असते, धरली की सरकते. इथं लेयर नसतोच. नवीन चित्र मागितलं की ते ठिपक्यांच्या धुरळ्यातून पुन्हा पहिल्यापासून उभं राहतं. वाटी डावीकडे मागितली तर वाटी आली डावीकडे, पण पितळेची चांदीची झाली आणि मागचा अजिंक्यतारा थेट राजस्थानात गेला, घुमट-छत्र्यांसकट. मग फक्त वाटीच्या भागावर मास्क लावून तेवढंच पुन्हा काढलं. वाटी सरकली. सावली जुन्याच जागी राहिली. वाटी सोडून गेल्यावरही सावली तिथंच, भाडेकरू गेल्यावर राहिलेल्या कॅलेंडरसारखी.

मुद्दे आपसात भांडत होते म्हणून सकाळी लॅपटॉप घेऊन दुकानातच गेलो. शेठ बँकेत गेलेले. गल्ल्यावर नाना, त्यांचे वडील, वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकले.

"ह्यो कुणी भाजला?"

"कुणी नाही नाना, कॉम्प्युटरनं काढलाय."

"तरीच. खवा कच्चा हाय."

चित्रातला पेढा केशरी पिवळा, तुकतुकीत. कंदी पेढ्याचा खवा मंद जाळावर परतत परतत तपकिरी होतो आणि साखर बेताची, हे मला पोवई नाक्यावर वाढूनही सुचलं नव्हतं. मी फक्त 'पेढा' मागितला आणि सॉफ्टवेअरनं आपला सरासरी पेढा दिला. नाना म्हणाले, "त्याला म्हनावं, जाळ बारीक कर आन अजून भाज." तिथंच, त्यांच्यासमोर, 'अजून भाजलेला, तपकिरी' असं टाइप केलं. आलं ते चॉकलेटचं बिस्कीट. नानांनी डोळे मिटले.

मग मोजायला लागले. "तेवीस. आमच्या खोक्यात वीस बसत्यात. गिऱ्हाईक तीन मागंल, ते तू देनार?" आणि कोपऱ्यातल्या जोडीवर बोट ठेवून, "ही दोन चिकटल्यात, का एकाला दुसरं फुटलंय?" खरोखरच फुटलं होतं. मी सहाही चित्रं दहा वेळा पाहिली होती, मला दिसलं नव्हतं.

पिस्त्यांवर आलो. "आमच्या पेढ्यात पिस्ता न्हाई," नाना म्हणाले. विषय संपला. आणि कायदाही नानांच्याच बाजूनं होता : घटकांच्या यादीत नसलेला पिस्ता खोक्याच्या चित्रात मिरवला तर ती गिऱ्हाइकाची दिशाभूल. 'अजून चार टाका' लिहिणारी व्यक्ती आतल्या खोलीतून ऐकत असावी, भांडं जरा जोरात आपटलं.

हिरव्या ठिपक्याचंही तसंच. मुद्दा : 'ठिपका डोळ्यात भरतो, मोहरीएवढा करा.' करता येत नाही. खोक्याचं झाकण २० बाय १३ सेंटीमीटर, म्हणजे २६० चौरस सेंटीमीटर. एवढ्या दर्शनी भागाला ठिपका किमान ४ मिलिमीटर व्यासाचा आणि भोवतीचा चौकोन ८ मिलिमीटरचा लागतो. सॉफ्टवेअरनं तर ठिपक्याला देठ आणि पान फोडलं होतं. तोही मीच वेगळा काढणार होतो. मग मी नक्की चित्रातलं वापरणार काय होतो, असं नानांनी विचारलं नाही. मलाच वाटून गेलं.

शेवटचा घाव प्रेसवाल्याचा. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे २० सेंटीमीटर रुंदीला साधारण २३६२ पिक्सेल. माझं चित्र १०२४ चं. ते नीट छापलं असतं तर पावणेनऊ सेंटीमीटर भरलं असतं, निम्म्याहून कमी झाकण. मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलं, तर त्यानं नसलेले बारकावे स्वतःच्या मनानं भरले आणि पेढ्याला स्पंजासारखी भोकं पडली. शिवाय ते होतं खोक्याचं चित्र, खोका नव्हे. प्रेसला घड्या नि कापाच्या रेषांचा सपाट आराखडा हवा, चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंगासकट.

त्या सकाळी मी निघताना नानांनी परातीतला एक पेढा उचलून थेट लॅपटॉपच्या टचपॅडवर ठेवला. "ह्यो बघून काढ." तो तुपाचा डाग अजून जात नाही, कर्सर तिथं घसरतो.

शेवटी तेच केलं. दुकानातले वीस पेढे घरी खिडकीत मांडले, एका बाजूला थर्माकोल धरून उजेड फिरवला, मोबाइलवर फोटो काढला. अक्षरं फॉन्टमध्ये, ठिपका मापात, आराखडा हातानं. चार रात्री गेल्या. फाइल पाठवली आणि सोबत आठवण, राहिलेले दीड हजार आणि बदलांचे आठशे.

उत्तर आलं, या वेळी दिवसाउजेडी. 'खोका पसंत आहे. दीड हजार सोमवारी. आठशेचं नानांना विचारलं. ते म्हणतात, फोटोतला पेढा आपलाच आहे, मग पैसे कोण कुणाला देणार?'