उणे एक्क्याण्णव

काल सकाळी दहापासून साडेबारापर्यंत मी तीन मोबाईल घेऊन स्वतःच्याच शेतात चोरासारखा फिरलो, आणि शेवटी चोरच ठरलो.

शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेतीची लाईट पाळीपाळीने रात्री येते, म्हणून वडील रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. त्यावर उपाय म्हणून मोटारीला मोबाईल स्टार्टर आणला. त्यात सिम घालायचं आणि घरून फोन लावला की मोटार चालू. आता सिम कोणाचं? दुकानदार म्हणाला, "कोणतंही घाला, फुल्ल रेंज आहे." तो विहिरीवर कधी आला होता देव जाणे. चुकीचं घेतलं तर नंबर पोर्ट करायला निदान 90 दिवस थांबायचं, म्हणजे तीन महिने वडील पुन्हा बॅटरी घेऊन. म्हणून माझा, बायकोचा आणि मेहुण्याचा फोन घेतला. तिघांच्या कंपन्या वेगळ्या.

बायकोच्या फोनवर 4जीच्या चार दांड्या. मी खूश. मग स्टार्टरचं पुस्तक वाचलं (हे आधी करायचं असतं). आमचा स्टार्टर फक्त 2जी ओळखतो! त्याला 4जीच्या दांड्या दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला लग्नाची पत्रिका दाखवणं. शिवाय दांड्या प्रत्येक फोन आपल्या मनाने काढतो. म्हणून *#*#4636#*#* लावून तिन्ही फोन "GSM only" वर टाकले आणि सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा खरा आकडा बघायला लागलो. हा आकडा उणे असतो, शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. 4जी आणि 2जीचे आकडे मात्र एकमेकांशी ताडायचे नाहीत, मापं वेगळी. 2जीवर उणे 85 असेल तर निवांत, उणे 100 च्या पलीकडे गेला की धाकधूक.

बायकोचा फोन तात्काळ मेला, त्या कंपनीकडे 2जी नाहीच. मेहुण्याचा उणे 103. माझा उणे 91. मी हात वर करून एकेक पाऊल मोजत बांधाकडे निघालो, आणि पलीकडून आवाज आला.

"काय मोजी राह्यना रे?"

शेजारचे आप्पा. लहानपणी यांची बोरं पाडून मी मार खाल्लाय, पण काल त्यांनी ओळख दिली नाही.

"रेंज मोजतोय आप्पा."

"बांध मन्हा शे."

"बांध नाही हो. मोबाईलची रेंज."

"हां. पहिले असंच सांगतस. मंग मोजनीवाला येस." आप्पा शांतपणे बांधावर बसले. "आकडा काय उना?"

"उणे एक्क्याण्णव."

"फूट?"

"डीबीएम."

"म्हंजे कितला हात?"

मी समजावू लागलो. उन्हात, कपाळावर घाम, हातात तीन फोन. आप्पांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "उणे म्हंजे कमी. तुन्हं कमी भरनं. म्हंजे मन्हं बराबर शे. बरं व्हयनं."

वीस वर्षं नोकरी करून मला इतक्या स्वच्छ रीतीने कोणी हरवलेलं नाही. आणि हसू नका, राग अजून आहे. ज्या माणसाला सरकारी मोजणीसाठी हेलपाटे घालावे लागलेत, त्याला हातात यंत्र धरलेला प्रत्येक जण शत्रूच वाटणार. पण मी का?

जाता जाता आप्पा म्हणाले, "केळी वाढनी का आठे रेंज जास." मी मनात हसलो. मग हसू थांबलं, कारण ते बरोबर होतं. आमची केळी आत्ता गुडघ्याएवढी. आठ महिन्यांनी ती डोक्याच्या वर जाईल, आणि पाण्याने भरलेली ती पानं सिग्नल खातात. म्हणजे माझं आजचं मोजमाप हे रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून पाहण्यासारखं होतं.

शेवटची परीक्षा घेतली. माझा फोन स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवला, झाकण लावलं, बायकोचा फोन 4जीवर आणून तिला घरी परत दिला होता, तिला पाच मिनिटांनी त्यावरून फोन करायला सांगितलं. पलीकडून बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राबाहेर. पेटीबाहेर काढला तर पहिल्या रिंगला लागला. सिम माझ्या कंपनीचंच घ्यायचं ठरलं, पण अँटेना पेटीबाहेर काढून लांब वायरने उंच पाइपावर, केळीच्या वर न्यायला हवी.

आणि केळीबाहेर, विहिरीजवळ, पाइप रोवायला मोकळी जागा एकच आहे. बांध.

आज सकाळी आप्पा त्यावर टेप आणि दोन साक्षीदार घेऊन बसले होते.